दहावी विज्ञान भाग १ची उजळणी: घटकांना स्वतः गुण द्या आणि वेळ कच्च्या घटकांकडे वळवा

पूर्वपरीक्षा झाली की बोर्डाच्या लेखी परीक्षेपर्यंत हातात साधारण महिना-सव्वा महिना उरतो. या काळात बहुतेक मुलं विज्ञानाचं पुस्तक पहिल्या धड्यापासून वाचायला घेतात. गुरुत्वाकर्षणाला भरपूर वेळ मिळतो, आवर्ती वर्गीकरणालाही बरा मिळतो, आणि कार्बनी संयुगांपर्यंत पोचेपर्यंत परीक्षा दारात उभी असते. गुरुत्वाकर्षण तर आधीच पक्कं होतं. तरीही सगळ्यात जास्त वेळ त्यालाच मिळाला, कारण ते पुस्तकात पहिलं आहे आणि येत असलेलं पुन्हा वाचायला बरं वाटतं.

यावर उपाय म्हणजे उजळणीची एक यादी. अभ्यासक्रमाचे छोटे घटक पाडायचे, प्रत्येकासमोर तो किती पक्का आहे याचा आकडा लिहायचा आणि त्या आकड्यावरून वेळ वाटायचा. ऐकायला हे सोपं आहे, पण आकडा कसा ठरवायचा यातच बहुतेक याद्या फसतात. म्हणून या लेखात जास्त जागा त्यालाच दिली आहे. उदाहरण महाराष्ट्र बोर्डाच्या दहावीच्या ‘विज्ञान आणि तंत्रज्ञान भाग १’चं आहे. ही पद्धत पहिल्यांदाच वापरणाऱ्यांनी एकाच विषयापासून सुरुवात करावी. सगळ्या विषयांच्या याद्या एकदम बनवायला घेतल्या तर दोन दिवस याद्या बनवण्यातच जातात.

आधी प्रश्नपत्रिका डोळ्यांसमोर ठेवा

भाग १चा लेखी पेपर ४० गुणांचा आणि दोन तासांचा असतो. पहिल्या प्रश्नात दहा एकेक गुणाचे उपप्रश्न असतात आणि त्यांना पर्याय नसतो. दुसऱ्या प्रश्नात दोन गुणांची शास्त्रीय कारणं (तीनपैकी दोन) आणि इतर छोटे प्रश्न (पाचपैकी तीन) मिळून १० गुण असतात. तिसऱ्यात तीन गुणांच्या आठ प्रश्नांपैकी पाच सोडवायचे, म्हणजे १५ गुण. चौथ्यात पाच गुणांच्या दोनपैकी एक.

यातून यादीसाठी दोन गोष्टी कळतात. पहिली, सगळ्यात मोठा वाटा तीन गुणांच्या प्रश्नांचा आहे. म्हणून यादीतला प्रत्येक घटक साधारण तीन गुणांच्या प्रश्नाएवढा असावा. दुसरी, खालच्या प्रश्नांत पर्याय असल्यामुळे एखादा अवघड घटक सोडता येईल, पण अख्खा धडा सोडता येणार नाही. पहिल्या प्रश्नातले दहा गुण कोणत्याही धड्यावर येऊ शकतात आणि तिथे निवड नाही.

पायरी १: धड्याचे तुकडे पाडा

भाग १मध्ये दहा धडे आहेत: गुरुत्वाकर्षण, मूलद्रव्यांचे आवर्ती वर्गीकरण, रासायनिक अभिक्रिया व समीकरणे, विद्युतधारेचे परिणाम, उष्णता, प्रकाशाचे अपवर्तन, भिंगे व त्यांचे उपयोग, धातुविज्ञान, कार्बनी संयुगे आणि अवकाश मोहिमा. नुसती ही दहा नावं लिहून समोर आकडे टाकले तर त्या यादीचा उपयोग शून्य. ‘विद्युतधारेचे परिणाम, मध्यम’ असं लिहिल्यावर उद्या संध्याकाळी नेमकं काय करायचं ते कळत नाही. त्या धड्यात एखाद्याला जूलच्या नियमावरची उदाहरणं पाठ असतात, पण विद्युत जनित्राची आकृती अजिबात येत नाही. ‘मध्यम’ म्हटल्यावर दोन्ही झाकलं जातं.

प्रत्येक धड्याचे पाच ते सात तुकडे पाडा. सगळे मिळून साठच्या आसपास ओळी होतील. लिहिताना विषयाचं नाव लिहू नका, काय करून दाखवायचं आहे ते लिहा. ‘केप्लर’ असं न लिहिता ‘केप्लरचे तिन्ही नियम लिहून दुसऱ्याची आकृती काढणे’. ‘बॉक्साइट’ असं न लिहिता ‘बॉक्साइटपासून शुद्ध ॲल्युमिना मिळवण्याच्या पायऱ्या समीकरणांसह’. ‘रचनासूत्रे’ऐवजी ‘दिलेल्या रचनासूत्रावरून कार्बनी संयुगाचं शास्त्रीय नाव देणे, पाच संयुगे’. अशी ओळ वाचली की पुस्तक मिटून लगेच बसता येतं.

तुकडे पाडायला पुस्तकातली उपशीर्षकं आणि धड्याखालचा स्वाध्याय पुरेसा आहे. स्वाध्यायातला एखादा प्रश्न तुमच्या कोणत्याच ओळीत बसत नसेल तर तुमच्या यादीत एक ओळ कमी आहे.

पायरी २: आकडा द्या, पण वाचून लगेच नको

धडा वाचून संपला, सगळं समजलंय असं वाटतंय, पेन उचलला आणि समोर ‘पक्कं’ लिहिलं. असा आकडा जवळपास नेहमी फुगलेला असतो. आत्ताच डोळ्यांखालून गेलेला मजकूर ओळखीचा वाटतो, आणि ओळख पटणं म्हणजेच येणं असं मनाला वाटतं. परीक्षेत मात्र कोरा कागद असतो, तिथे ओळख पटायला समोर काहीच नसतं.

यावर अमेरिकेत रोडिगर आणि कार्पिक या मानसशास्त्रज्ञांनी केलेला प्रयोग २००६मध्ये प्रसिद्ध झाला. काही विद्यार्थ्यांनी एक उतारा पुन्हा पुन्हा वाचला, तर काहींनी तो वाचून मग न बघता आठवून लिहिला. पाच मिनिटांनी परीक्षा घेतली तेव्हा पुन्हा वाचणारे पुढे होते. आठवड्याने घेतली तेव्हा आठवून लिहिणारे पुढे गेले. आमच्या कामाची गोष्ट पुढेच आहे: आपल्याला हे चांगलं लक्षात राहील असा विश्वास पुन्हा पुन्हा वाचणाऱ्यांना जास्त होता. म्हणजे ज्यांचा आकडा वर होता त्यांच्याच लक्षात कमी राहिलं. त्याआधी १९९१मध्ये नेल्सन आणि डन्लॉस्की यांनी दाखवलं होतं की ‘मला हे किती आठवेल’ हा अंदाज अभ्यासानंतर लगेच बांधला तर बराच चुकतो, आणि थोडा वेळ जाऊ देऊन बांधला तर कितीतरी अचूक येतो.

म्हणून नियम असा की आकडा दुसऱ्या दिवशी द्यायचा, पुस्तक बंद ठेवून आणि कागदावर काहीतरी लिहून झाल्यावरच. प्रत्येक ओळीला चार मिनिटं पुरतात. पूर्ण उत्तर लिहायला नको. आकृतीचा सांगाडा, मुख्य मुद्दे, सूत्र आणि उदाहरणाच्या पहिल्या दोन पायऱ्या एवढं बास. साठ ओळींना चार तास लागतील. ते एका बैठकीत करू नका. रोज दहा ओळी केल्या तर आठवड्याच्या आत पहिली फेरी होते. पूर्वपरीक्षेची तपासलेली उत्तरपत्रिका हाती असेल तर तिच्यातल्या प्रश्नांचे आकडे थेट तिच्यावरून भरा. त्या आकड्यांत तुमचं मन लुडबुड करू शकत नाही.

पट्टी चार पायऱ्यांची ठेवा:

० म्हणजे कागद कोरा राहिला किंवा जे लिहिलं ते मुळातच चुकलं.
१ म्हणजे सुरुवात झाली पण मध्येच अडकलं, आणि पुस्तक उघडल्यावर ‘अरे, हे तर माहीत होतं’ असं झालं.
२ म्हणजे उत्तर आलं, पण तपासणारा एखादा गुण कापेल: एकक राहिलं, आकृतीत किरणांवर बाण नाहीत, समीकरण संतुलित नाही किंवा वेळ फार लागला.
३ म्हणजे पुस्तक न बघता, वेळेत, बरोबर, आणि तेही दोन वेगवेगळ्या दिवशी.

पाच पायऱ्या मुद्दाम ठेवल्या नाहीत. पाचांत बरोबर मधली एक पायरी असते, आणि ठरवता आलं नाही की हात आपोआप तिच्यावर जातो. चारांत तसं मधलं घर नाही. ‘जमतं’ की ‘जमत नाही’ यापैकी एका बाजूला जावंच लागतं.

‘अरे, हे तर माहीत होतं’ हा उद्गार निघाला की आकडा १च. त्याला २ देण्याचा मोह प्रत्येकाला होतो. शिकवणीत मुलांशी माझी सगळ्यात जास्त घासाघीस याच एका आकड्यावरून होते, आणि मी कधी माघार घेत नाही.

पायरी ३: अंदाजाचा एक रकाना आधी भरा

हा रकाना बहुतेक याद्यांत नसतो, पण तो असायलाच हवा. कागदावर काही लिहिण्याआधी, ओळ नुसती वाचून ‘मला हे किती येईल’ याचा आकडा लिहा. मग लिहून बघा, तपासा आणि शेजारी खरा आकडा टाका. दोन आकड्यांतल्या फरकावर लक्ष ठेवा.

अंदाज १ आणि प्रत्यक्ष १, यात फारशी भीती नाही. कच्चं आहे हे तुम्हाला माहीत आहे, तुम्ही त्याच्याकडे वळणारच. अंदाज ३ आणि प्रत्यक्ष १ मात्र धोक्याचं, कारण ही ओळ तुम्ही परत कधी उघडलीच नसती. भाग १मधलं नेहमीचं उदाहरण फ्लेमिंगच्या दोन नियमांचं. डाव्या हाताचा नियम चलित्रासाठी आणि उजव्या हाताचा जनित्रासाठी. दोन्ही नियम शब्दशः पाठ असतात, मुलं खात्रीने लिहितात, आणि हात उलटे लिहितात. असा फरक दिसला की त्या ओळीभोवती लाल गोल करा.

उलटंही होतं. अंदाज १ लिहिलेला असतो आणि उत्तर झकास येतं. ज्या धड्याची धास्ती असते तिथे असं बरेचदा घडतं. तिथला वेळ वाचला.

एक उदाहरण पूर्ण करून पाहू

समजा एका मुलीने भिंगे आणि उष्णता हे दोन धडे घेतले आणि त्यांच्या बारा ओळी केल्या. तिचा तक्ता असा दिसतो:

| घटक | अंदाज | प्रत्यक्ष |
|---|---|---|
| भिंगाच्या संज्ञा आकृतीसह | ३ | ३ |
| बहिर्वक्र भिंग: वस्तूच्या सहा स्थानांच्या किरणाकृती | ३ | १ |
| चिन्हसंकेत आणि भिंगाच्या सूत्रावरचं उदाहरण | २ | ० |
| विशालन आणि भिंगाची शक्ती | २ | १ |
| मानवी डोळा, समायोजन शक्ती | ३ | २ |
| दृष्टिदोष: कारण, आकृती, उपाय | ३ | २ |
| सूक्ष्मदर्शी, दूरदर्शी, दृष्टिसातत्य | १ | २ |
| अप्रकट उष्मा, तापमान-काल आलेख | ३ | ३ |
| पुनर्हिमायन, कारण द्या | २ | ३ |
| पाण्याचे असंगत आचरण, होपचे उपकरण | २ | २ |
| दवबिंदू, सापेक्ष आर्द्रता | १ | १ |
| उष्णता विनिमयावरचं उदाहरण | १ | ० |

‘प्रत्यक्ष’च्या रकान्यात तीन ३ दिसतात. खरं तर ३ला दोन दिवस लागतात. या तीन ओळी तिने पूर्वपरीक्षेत बरोबर लिहिल्या होत्या आणि आता पुन्हा बरोबर आल्या, म्हणून तो आकडा चालतो.

आता वेळ वाटू. या दोन धड्यांसाठी तिच्याकडे आठवड्यातले सहा दिवस, रोज ४५ मिनिटं, म्हणजे २७० मिनिटं आहेत. ०ला चार वाटे, १ला तीन, २ला दोन आणि ३ला एक. दोन शून्यांचे ८, तीन एकांचे ९, चार दोनांचे ८ आणि तीन तिनांचे ३, मिळून २८ वाटे. एक वाटा ८ मिनिटांचा धरला तर २२४ मिनिटं होतात आणि उरलेली ४६ मिनिटं आठवड्याच्या शेवटच्या चाचणीला राहतात. शून्याच्या ओळीला ३२ मिनिटं, एकाच्या ओळीला २४, दोनाच्या ओळीला १६ आणि पक्क्या ओळीला ८. सगळ्यांना समान वेळ दिला असता तर प्रत्येकीला जेमतेम १८-१९ मिनिटं आली असती.

पक्क्या ओळीला आठ मिनिटं तरी कशाला, असं वाटेल. ती वाचण्यासाठी नाहीत, पुन्हा एकदा न बघता लिहून पाहण्यासाठी आहेत. महिनाभर हात न लावलेला ३ हा ३ राहीलच असं नाही.

शून्याची ३२ मिनिटं एकाच दिवशी खर्च करू नका. मंगळवारी १६ आणि शुक्रवारी १६ असे दोन तुकडे करा. शुक्रवारी बसताना आधी न बघता लिहून पाहा, मग पुस्तक उघडा. मधल्या दिवसांत काय गळून गेलं ते तेव्हाच कळतं.

पायरी ४: कच्चं का आहे ते एका अक्षराने लिहा

वेळ मिळाला म्हणून घटक सुधारतोच असं नाही. वर दिलेल्या मुलीची भिंगाच्या उदाहरणाची ओळ घ्या. तिने सोडवलेलं गणित असं होतं: बहिर्वक्र भिंगाचं नाभीय अंतर २० सेमी, वस्तू भिंगापासून ३० सेमीवर, प्रतिमा कुठे? तिने सूत्र बरोबर लिहिलं, पण वस्तूचं अंतर धन घेऊन त्यात टाकलं.

```
1/f = 1/v - 1/u
1/20 = 1/v - 1/30
1/v = 1/20 + 1/30 = 5/60
v = 12 cm
```

उत्तर आलं, धन आलं, नीट संख्याही आली. तिला काहीच खटकलं नाही. खटकायला हवं होतं, कारण वस्तू F आणि 2F यांच्यामध्ये असताना प्रतिमा 2F च्या पलीकडे, म्हणजे इथे ४० सेमीपेक्षा लांब पडते. १२ सेमी तर नाभीच्याही अलीकडे आहे. योग्य चिन्ह घातलं तर:

```
u = -30 cm
1/v = 1/20 - 1/30 = 1/60
v = 60 cm
M = v/u = 60/(-30) = -2
```

प्रतिमा ६० सेमीवर, वास्तव, उलटी, दुप्पट मोठी. 2F च्या पलीकडे ती आलीच.

आता तक्त्यात वरची ओळ पाहा. सहा किरणाकृतींची ओळ, अंदाज ३, प्रत्यक्ष १. किरणाकृती पक्क्या असत्या तर १२ हे उत्तर पाहूनच तिला शंका आली असती. म्हणजे सूत्राच्या ओळीतलं शून्य निम्मंअधिक किरणाकृतींच्या ओळीतून आलं आहे. विशालनाच्या ओळीतला १ही तिथूनच, कारण v चुकला की M चुकतोच. अशा वेळी आठवड्याची सुरुवात आकड्याने सगळ्यात कच्च्या ओळीपासून करायची नाही, जिच्यावर बाकीच्या उभ्या आहेत तिच्यापासून करायची. आधी २४ मिनिटं किरणाकृती, मग सूत्र.

हे दिसावं म्हणून आकड्याशेजारी एक अक्षर लिहा. ‘स’ म्हणजे समजलंच नाही, ‘आ’ म्हणजे समजतं पण आठवलं नाही, ‘ग’ म्हणजे गडबड, येत असून चुकलं. तिघांची औषधं वेगळी आहेत. ‘स’ असेल तर एकट्याने पाठ करत बसू नका. सरांना किंवा मॅडमना विचारा, सोडवलेलं उदाहरण ओळीओळीने वाचा. ‘आ’ असेल तर पुन्हा न बघता लिहिणं हाच उपाय. ‘ग’ असेल तर वाचनाने काहीही होत नाही, पाच-सहा उदाहरणं सलग सोडवा आणि दर वेळी नेमकी कुठे गडबड होते ते पकडा. भिंगाच्या शक्तीत ती जवळपास नेहमी एककात होते, कारण नाभीय अंतर मीटरमध्ये घ्यायचं असतं आणि मुलं सेंटिमीटरचा आकडा तसाच टाकतात.

उष्णतेतलं दुसरं शून्य ‘स’ प्रकारचं निघालं. ४० अंशांच्या ९० ग्रॅम पाण्यात शून्य अंशाचा १० ग्रॅम बर्फ टाकला तर मिश्रणाचं तापमान किती? पाण्याने दिलेली उष्णता ९० × (४० − T), आणि बर्फाने घेतलेली दोन टप्प्यांत: वितळताना १० × ८० कॅलरी, आणि वितळून झालेलं पाणी T पर्यंत तापताना १० × T. दोन्ही समान धरले की T २८ अंश येतो. तिने दुसरा टप्पा सोडून दिला होता, म्हणून तिचं उत्तर ३१ अंशांच्या थोडं वर गेलं. वितळलेला बर्फ आता शून्य अंशाचं पाणी आहे आणि तेही तापणार आहे, हे तिच्या डोक्यात आलंच नव्हतं. इथे आणखी दहा उदाहरणं सोडवून भागणार नव्हतं. आलेखातली आडवी रेघ आणि तिच्यानंतरची चढती रेघ समोर ठेवून कुणीतरी एकदा समजावणं गरजेचं होतं. गंमत म्हणजे तोच आलेख काढण्याच्या ओळीत तिला ३ होते.

पायरी ५: दर आठवड्याला आकडे बदला

राखून ठेवलेल्या ४६ मिनिटांत त्या बारा ओळींतल्या ज्यांना ०, १ किंवा २ होते त्यांवर एकेक नवा प्रश्न सोडवा. जुना सोडवलेला नको, कारण उत्तर लक्षात राहिलेलं असतं. बोर्डाच्या मागच्या वर्षांच्या प्रश्नपत्रिका यासाठी उत्तम.

चढताना एका वेळी एकच पायरी चढायची. शून्यावरून एकदम तीन नाही, कितीही छान उत्तर आलं तरी. उतरताना हवं तेवढं उतरा. ३ असलेली ओळ कोरी राहिली तर ती सरळ शून्यावर येते.

जुना आकडा खोडू नका, शेजारी नवा लिहा. तीन आठवड्यांनी ०, १, १, १ अशी एखादी ओळ दिसली की ओळखा, वेळ कमी पडत नाहीये, पद्धत चुकते आहे. बहुधा ‘स’ असलेल्या ओळीवर ‘आ’चं औषध चालू असतं. मूलद्रव्यांच्या आवर्ती वर्गीकरणात हे फार होतं. गणात खाली जाताना अणूचं आकारमान वाढतं हे पाठ असतं, पण का वाढतं याचं कारण मागितलं की हात थांबतो. कवचांची संख्या आणि केंद्रकाचं आकर्षण एकदा समजून घेतलं की चार-पाच विधानं पाठ करावीच लागत नाहीत.

सगळ्या ओळी २ वर येऊन थांबल्या असतील तर तपासणी दुसऱ्याकडून करून घ्या. मित्र-मैत्रिणीशी वही बदला आणि पुस्तक उघडं ठेवून एकमेकांच्या आकृत्या तपासा. स्वतःच्या आकृतीत न काढलेला बाण स्वतःला दिसत नाही.

पालकांसाठी एक सूचना. ही यादी प्रगतिपुस्तक नाही. ‘इतकी शून्यं कशी?’ असं एकदा विचारलंत की पुढच्या आठवड्यात शून्यं नाहीशी होतील, अभ्यास न होताच. मुलाने दाखवली तर बघा, नाही दाखवली तर मागू नका. विचारायचंच असेल तर ‘स’ लिहिलेली ओळ कोणती आणि ती कुणाकडून समजून घ्यायची, एवढंच विचारा.

रंगांबद्दलही थोडं. हिरव्या-पिवळ्या-लाल हायलायटरने सजवलेला तक्ता सुंदर दिसतो आणि त्याला एक संध्याकाळ लागते. पेन्सिल, साधी वही आणि पट्टीने ओढलेल्या रेघा यांवर काम भागतं. संगणकावर करायचं असेल तर साध्या स्प्रेडशीटमध्ये ‘प्रत्यक्ष’च्या रकान्यावर क्रम लावला की कच्च्या ओळी आपोआप वर येतात. एवढीच सोय वहीत नाही.

शेवटच्या पाच-सहा दिवसांत क्रम उलटा करा

आतापर्यंत सगळ्यात जास्त वेळ शून्याला दिला. परीक्षा तोंडावर आली की हे थांबवा. पूर्ण कोऱ्या घटकाला समजून घेऊन पक्कं करायला दोन-तीन बैठका आणि मध्ये काही दिवस लागतात, आणि ते दिवस आता नाहीत. तेवढ्याच वेळात २ असलेल्या तीन-चार ओळी ३ वर जातात, आणि गुण तिथून येतात. म्हणून आधी २, मग १, आणि शून्यातून फक्त एक गुणाचे तुकडे उचला: संज्ञा, एकक, शास्त्रज्ञाचं नाव, सूत्र. जनित्राची आकृती येत नसेल तर नसू दे, पण जनित्रात यांत्रिक ऊर्जेचं विद्युत ऊर्जेत रूपांतर होतं एवढं एक वाक्य तरी येऊ दे. पर्याय नसलेला पहिला प्रश्न इथे आठवा.

याच दिवसांत लाल गोल केलेल्या ओळी, म्हणजे अंदाज जास्त आणि प्रत्यक्ष कमी असलेल्या, पुन्हा एकदा लिहून बघा. त्या आता ३ झाल्या असल्या तरी बघा. खात्रीने चुकलेली गोष्ट दुरुस्त केल्यावर चांगली लक्षात राहते, पण काही दिवसांनी जुनं उत्तर पुन्हा डोकं वर काढू शकतं. फ्लेमिंगचे हात पेपरच्या आदल्या संध्याकाळी एकदा प्रत्यक्ष हात समोर धरून तपासा, डावा चलित्र, उजवा जनित्र.

आदल्या रात्री नवे आकडे देऊ नका. ‘ग’ लिहिलेल्या ओळी तेवढ्या एका चिठ्ठीवर उतरवा: u ऋण, f मीटरमध्ये, किरणांवर बाण, समीकरण संतुलित, वितळल्यानंतरचं पाणीही तापतं. चिठ्ठी घरीच ठेवायची, केंद्रावर न्यायची नाही. सकाळी निघण्याआधी एकदा वाचा. पेपर लिहून झाल्यावर दहा मिनिटं उरली तर याच पाच गोष्टी उत्तरपत्रिकेत शोधा.